पुठ्ठ्याचं घड्याळ, दुसरीचा वर्ग: कामाच्या नोंदी

८ जुलै २०२४, सोमवार

घड्याळ शिकवायला घेण्याआधी आज पोरांकडून नुसतं घड्याळाचं चित्र काढून घेतलं. भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम उतरवून कपाटात ठेवलं आणि म्हटलं आठवेल तसं काढा. बऱ्याच जणांनी वरून उजवीकडे १, २, ३ असं लिहायला सुरुवात केली आणि सहापर्यंत येता येता बारा संपवले, मग डावी बाजू अख्खी रिकामी. म्हणजे आकडे समान अंतरावर असतात हे त्यांनी पाहिलंय पण ते मुद्दामच तसे असतात हे डोक्यात नाहीये.

मग घड्याळ परत टांगलं आणि काटे फिरवून एकेकाला वेळ विचारली. साडेसातला "सात आणि सहा वाजलेत मॅडम". तीन चाळीसला "तीन वाजून आठ". आणि जी चूक मला जास्त महत्त्वाची वाटते ती दोन पन्नासला, लहान काटा तीनला टेकत आलेला असतो म्हणून सरळ "तीन पन्नास", आणि हे वर्गातली हुशार पोरं बोलतात, ज्यांना पाच-पाचने मोजता येतं ती. म्हणजे मिनिटं वाचायला जमतायत आणि तास चुकतोय.

शाळेत तयार घड्याळाचा जो संच आहे ना, प्लॅस्टिकचा, त्यात दोन्ही काटे आपापले सुटे फिरतात. साडेसात लाव म्हटलं की पोरगं लहान काटा बरोबर सातवर आणि मोठा सहावर लावतं आणि आपण शाब्बास म्हणून मोकळे. असं घड्याळ जगात कुठे नसतं. तर ठरवलं की पहिले काही दिवस मोठा काटा लावायचाच नाही.

१० जुलै, बुधवार

एका काट्याचं घड्याळ. किराणावाल्याकडून बिस्किटाची खोकी आणली होती, त्यातला एक मोठा गोल कापला, त्यावर बारा फाका वेगवेगळ्या रंगात रंगवल्या आणि आकडे फाकांच्या मध्ये न लिहिता फाकांच्या सीमेवर लिहिले. ७ पासून ८ पर्यंतची फाक म्हणजे सातचं घर. काटा सातच्या घरात कुठेही असला तरी सातच वाजलेत, आठच्या रेषेला अगदी टेकेपर्यंत सातच.

पोरांनी हे फारच पटकन घेतलं. काटा घराच्या दारात असेल तर नुकते सात वाजलेत, मधोमध असेल तर साडेसात, पुढच्या घराच्या भिंतीला लागत आला तर "आठ वाजायला आलेत". नुसत्या लहान काट्यावरून पोरं पाव तासाच्या आसपास अंदाज सांगायला लागली, आणि मोठ्या काट्याचं कोणी नावही काढलं नाही. साडे हा शब्द त्यांना घरून येतोच, फक्त तो लहान काट्याच्या जागेला चिकटवला नव्हता कोणी. अडचण दीड आणि अडीचला आली कारण त्यात साडे ऐकू येत नाही, ते वेगळे सांगावे लागले. एकाने साडेदोन म्हटल्यावर अख्खा वर्ग हसला, म्हणजे बाकीच्यांना कानाने माहीत होतंच!

१२ जुलै, शुक्रवार

आता पोरांची स्वतःची घड्याळं. यासाठी एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात होती ती लिहून ठेवते कारण सगळा धडा तिच्यावरच उभा आहे.

तास म्हणजे ६० मिनिटं. मग ६० सेंटिमीटरची एक पट्टी घ्यायची, एक सेंटिमीटर म्हणजे एक मिनिट, आणि ती गोल वळवून टोकाला टोक जोडायचं. गोलाचा परीघ ६० सेंमी पाहिजे तर व्यास येतो १९.१ सेंमी, म्हणजे साधारण जेवणाच्या छोट्या ताटलीएवढा, पोरांच्या हाताला एकदम बरोबर. या मापाचा पुठ्ठ्याचा गोल कापायचा आणि पट्टी त्याच्या कडेने डब्याच्या कडेसारखी उभी लावायची, आकडे आतल्या बाजूला. पट्टी चिकटवायची नाही, यू क्लिपने अडकवायची. क्लिप काढली की मिनिटांचा गोल उघडून सरळ रेषा होते, परत लावली की घड्याळ. पुढे किती वेळ गेला ते काढताना ही रेषाच कामाला येणार आहे.

मापं: कार्डशीटचा पूर्ण कागद ५६ बाय ७१ सेंमीचा येतो, लांब बाजूने ३ सेंमी रुंदीच्या पट्ट्या कापल्या तर एका शीटमध्ये १८ निघतात. लांबी ६२ ठेवली, ६० खुणांसाठी आणि २ एकावर एक चढवून क्लिप लावायला. गोलाची त्रिज्या मी ९.५ सेंमी घेतली, परीघ थोडा कमी भरतो पण कागदाची जाडी आणि पुठ्ठ्याची खडबडीत कड मिळून तो फरक भरून निघतो. कंपासपेटीतला कर्कटक इतका उघडल्यावर लटपटतो, त्यापेक्षा कार्डाची एक पट्टी घेऊन एका टोकाला टाचणी आणि ९.५ वर पेन्सिलीचं भोक पाडलं तर गोल सुबक येतो. गोल मीच कापले, दुसरीच्या पोरांच्या कात्रीने जाड पुठ्ठा कापत नाही, नुसता चेपतो.

१५ जुलै, सोमवार

पट्टीवर खुणा करणं पोरांचं काम. मोजपट्टी १५ सेंमीची, म्हणजे चार वेळा सरकवावी लागते, आणि तिथेच सगळी गंमत. बरेच जण मोजपट्टीच्या कडेपासून मोजायला लागतात, शून्याच्या रेघेपासून नाही, आणि दर वेळी दोन-चार मिलिमीटर वाढत जातात. हे कळतं कसं, तर पट्टी गोलाला गुंडाळली की ६० ची खूण ० च्या पुढे निघून जाते. खूण अलीकडेच थांबली तर माप आखूड पडलंय. मोजमाप बरोबर आलं की नाही हे घड्याळच सांगतं, मला तपासत बसावं लागत नाही. गोलच जरा लहान कापला गेला असेल तर कडेला सेलोटेपचे एक-दोन वेढे, मोठा असेल तर कड कात्रीने खरवडायची.

आकडे फक्त पाच-पाचवर लिहिले. दर पाचवी खूण लांब आणि लाल, बाकीच्या बारीक पेन्सिलीने. इथे पंचेचाळीस आणि पंचावन्नमध्ये घोळ होतो, पस्तीस आणि पंचवीसमध्येही. २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं वाचन आलं तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला होता, माझं त्यावर ठाम मत असं नाही, पण पोरगं "पंचे" म्हणून अडखळतं तेव्हा चाळीस पाच म्हण म्हटलं की लगेच बोट बरोबर जागी जातं एवढं मात्र खरं. दोन्ही चालू दिलं.

मग पट्टी गोलाभोवती लावून, पट्टीवरच्या लाल खुणेसमोर पुठ्ठ्यावर एक रेघ, मधल्या बिंदूपर्यंत. बारा रेघा आपोआप आल्या, कोनमापक लागला नाही, कागदाच्या घड्या घालाव्या लागल्या नाहीत. ० जवळ १२ लिहायचे, ५ जवळ १, १० जवळ २. एका मुलीने विचारलं की १ जवळ ५ कसं काय, मी काही न बोलता पट्टी उघडून तिच्या हातात दिली, तिने मोजलं आणि परत लावली. मिनिटांचे आकडे घड्याळावर दिसत का नाहीत हा प्रश्न मला आजवर मुलांनी विचारला नव्हता.

१८ जुलै, गुरुवार

काल एकादशीची सुट्टी होती, आज काटे.

काट्यांना लग्नपत्रिका. घरोघरी पडलेल्या असतात आणि तो कागद कडक असतो, वाकत नाही. मोठा काटा मधल्या बिंदूपासून ८.५ सेंमी, म्हणजे टोक पट्टीच्या आत जेमतेम एक सेंमीवर थांबतं आणि कुठल्या खुणेकडे बघतंय ते कळतं. लहान काटा ५ सेंमी आणि रुंद, त्याला घराच्या आतच राहायचंय. दोघांमध्ये फरक ठसठशीत हवा, सात आणि साडेसहा सेंमी असे काटे केले की पोरं कुठला कोणता ते विसरतात.

मधल्या भोकाला दाभण. पिना स्प्लिट पिन, ज्याचे दोन पाय मागे दुमडतात त्या, आमच्या बाजारपेठेत मिळाल्या नाहीत, शहरातून मागवल्या. खोक्याचा पुठ्ठा जाड असल्यामुळे पाय लांब पाहिजेत, पाव इंचवाल्या पुरतच नाहीत, इंचाच्या लागतात. पाय दुमडल्यावर त्यावर सेलोटेप मारायची, नाहीतर टोकं बोटाला लागतात आणि वह्या फाडतात.

जी गोष्ट कुणी सांगत नाही ती अशी की दोन काटे एकावर एक नुसते लावले तर मोठा फिरवला की लहान पण सोबत ओढला जातो. मग पोरगं मोठा काटा सहावर नेतं आणि लहान काटा कुठेतरी भलतीकडेच जाऊन बसतो. याला उपाय म्हणजे मध्ये वॉशर. दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक नाजूक पडतं, फाइलच्या पारदर्शक कव्हरचे छोटे गोल कापले, एक दोन काट्यांच्या मध्ये, एक लहान काट्याखाली. दाभणाचं भोक आधी थोडं मोठं झालं असेल तर पिन डुगडुगते, तेव्हा मागून पण एक जाड कार्डाचा वॉशर टाकायचा. पिन किती घट्ट, तर घड्याळ उभं धरल्यावर काटा घसरू नये आणि एका बोटाने ढकलला तर फिरावा.

२२ जुलै, सोमवार

पोरांच्या घड्याळात काटे सुटेच आहेत, ते दुसरीत जोडलेले करणं माझ्याच्याने होणार नाही. पण एक तरी खरं पाहिजे. म्हणून बंद पडलेल्या भिंतीवरच्या घड्याळाची मशीन काढली, सेलवाली. सर्किट मेलेलं असलं तरी आतली चाकं चांगली असतात आणि मागची चकती फिरवली की दोन्ही काटे नियमाने फिरतात, मोठ्याचा एक फेरा झाला की लहान एक घर सरकतो. सेल घालायचाच नाही.

ती मोठ्या पुठ्ठ्याला बसवताना नट पकडेना, कारण मशीनचा दांडा पातळ प्लॅस्टिकच्या तबकडीसाठी केलेला असतो आणि खोक्याचा पुठ्ठा त्याच्यापेक्षा जाड. मध्ये चौकोनी खिडकी कापून मागून शर्टाच्या खोक्याचा पातळ पुठ्ठा चिकटवला, त्याला भोक पाडून बसवली. मूळ ॲल्युमिनियमच्या काट्यांवरच रंगीत कागदाचे लांब काटे चिकटवले. इथे जाड पुठ्ठा वापरला तर काटा जड होतो आणि ९ जवळ ठेवला की आपोआप खाली ६ कडे घसरतो, म्हणून साधा कार्डपेपर. सेकंद काटा काढून टाकला. काटे दाबून बसवताना आधी लहान बरोबर बारावर दाबायचा आणि मग मोठा पण बरोबर बारावर, तिथे जरा जरी तिरका गेला तर पुढच्या सगळ्या वेळा चुकीच्या दिसतात.

मग खेळ, नाव "खोटी वेळ पकडा". मी पिनवाल्या घड्याळावर वेळ लावायची आणि पोरांनी सांगायचं ही खरी की खोटी. लहान बरोबर सातवर, मोठा सहावर. आधी सगळे "साडेसात!" म्हणून ओरडले. मशीनवर साडेसात करून शेजारी धरलं तर लहान काटा सातच्या घरात मधोमध. मग शांतता, आणि मग एक जण म्हणाला की पहिल्यात मोठा म्हणतोय अर्धा तास झाला आणि लहान म्हणतोय आत्ताच वाजले, दोघांपैकी एक खोटं बोलतोय. यापेक्षा चांगलं मलाही सांगता आलं नसतं.

दोन पन्नासची चूकही यातच पकडली गेली. लहान काटा तीनला टेकतोय पण मोठा ५० वर आहे, म्हणजे घर अजून संपलेलं नाही, दहा मिनिटं बाकी आहेत, म्हणजे काटा अजून दोनच्याच घरात. पोरांना आधी विचारायचं घर कोणतं, मग मिनिटं. उलट क्रमाने विचारलं की चूक परत येते.

पावणे मात्र अवघड जातं. पावणेआठ ऐकलं की कानात आठ पडतं आणि हात लहान काटा आठच्या घरात नेतो. मी सांगते आठला पाव कमी, अजून आठ वाजलेलेच नाहीत, मग काटा आठच्या घरात जाईल कसा. अर्ध्या वर्गाला जमलं. बाकीच्यांना रोज येता-जाता विचारायचं, हे एका तासिकेत होणारं काम नाही.

२५ जुलै, गुरुवार

किती वेळ लागला, पहिला दिवस. आधी पूर्ण तास. आठपासून अकरापर्यंत किती तास? वर्गातून उत्तर "चार". बोटांवर आठ, नऊ, दहा, अकरा, चार बोटं! हे इतकं नेमाने होतं की मी वाटच बघत होते. अंगणात खडूने मोठं घड्याळ काढलं, एकाला आठवर उभं केलं आणि अकरापर्यंत उड्या मारायला लावल्या, बाकीच्यांनी उड्या मोजायच्या, उभं राहिलेली जागा मोजायची नाही. तीन उड्या. आठवर उभं असताना अजून काहीच वेळ गेलेला नाही हे पायाला कळलं की बोटांना सांगावं लागत नाही. पाऊस आला म्हणून शेवटच्या दोन-तीन पोरांचं राहिलं.

मग तासाच्या आतलं. खिचडी वाढायला सुरुवात झाली एक वाजून पाच मिनिटांनी, शेवटची थाळी धुऊन झाली दीड वाजून दहाला, असं मी म्हटल्यावर पोरांनीच दुरुस्त केलं, एक चाळीस. पट्टी उघडली, ५ वर एक मणी, ४० वर एक मणी, मध्ये पाच-पाचच्या उड्या. सात उड्या, ३५ मिनिटं. पट्टी सरळ असल्यामुळे कुठून कुठे ते दिसतं, गोलावर तेच करताना पोरं मध्येच दिशा विसरून उलट मोजायला लागतात.

३० जुलै, मंगळवार

तास ओलांडायचा दिवस. खरं कठीण इथेच आहे.

गणित असं दिलं: आजी दहा चाळीसच्या एसटीने निघाली आणि अकरा पंचवीसला तालुक्याला उतरली, प्रवास किती वेळाचा? ज्यांना वजाबाकी येते त्यांनी पाटीवर ११२५ वजा १०४० मांडायला घेतलं. हातचा वगैरे घेऊन उत्तर ८५ आलं तर पंच्याऐंशी मिनिटं म्हणून मोकळे, कारण हातचा शंभराचा घेतला जातो आणि तास साठाचा असतो. दुसरीत हे समजावत बसण्यात अर्थ नाही, पाटी बाजूला ठेवायला लावली.

दोघा-दोघांच्या जोड्या. एकाची पट्टी दहाच्या घराची, दुसऱ्याची अकराच्या घराची, जमिनीवर टोकाला टोक लावून, पहिलीचं ६० आणि दुसरीचं ० एकाच जागी. जास्तीची दोन सेंमी खाली सरकवायची, नाहीतर मध्ये फट पडते आणि पोरं ती पण मोजतात. पहिल्या पट्टीवर ४० ला मणी, दुसरीवर २५ ला मणी. आता दोन उड्या: ४० पासून पट्टी संपेपर्यंत २०, तिथे अकरा वाजले, मग ० पासून २५. वीस आणि पंचवीस, पंचेचाळीस मिनिटं. मण्यांमधलं अंतर मोजपट्टीने मोजलं तर ४५ सेंमी भरलं, हे त्यांनी स्वतःच मोजलं आणि फार खूश झाले.

पुढचं गणित मुद्दाम लांबचं: शेतात काम साडेनऊला सुरू, सव्वा बाराला जेवायला बसले. इथे चार पट्ट्या लागतात, नऊ, दहा, अकरा, बारा. ३० पासून शेवटपर्यंत ३०, मग दोन अख्ख्या पट्ट्या म्हणजे दोन तास, मग १५. दोन तास पंचेचाळीस मिनिटं. पट्ट्या वर्गभर पसरल्या, पोरं त्यावरून चालत गेली, दोन फाटल्या. पण अख्खी पट्टी म्हणजे एक तास, तिच्यातले सेंटिमीटर मोजायचेच नाहीत, हे याच गणिताने समजलं.

जी पोरं पूर्ण तासावर न थांबता ३० पासून पाच-पाचने मोजत सुटतात ती मध्येच चुकतात, म्हणून नियम केला की पहिली उडी नेहमी पुढचे पूर्ण वाजेपर्यंत.

१ ऑगस्ट, गुरुवार

आज पट्टी न उघडता, फक्त घड्याळावर. सोपं: सव्वातीनपासून पावणेचारपर्यंत, बहुतेकांना आलं. तास ओलांडणारं: चार पन्नास ते पाच दहा, इथे काही जणांनी चाळीस मिनिटं सांगितलं, म्हणजे पन्नासातून दहा वजा केले. त्यांना पट्ट्या परत दिल्या, त्यांचं अजून काही दिवस जमिनीवरच चालू राहील. उलटं गणित, म्हणजे "शाळा पाचला सुटते, घरी पोचायला पंचवीस मिनिटं लागतात आणि आजीने साडेपाचच्या आत ये म्हटलंय तर वाटेत खेळायला किती वेळ" हे दोघा-तिघांनाच आलं, बाकीच्यांना मी जबरदस्ती केली नाही. साडेअकरा ते दीडमध्ये बारानंतर एक येतो तिथे काही जण तेरावी पट्टी शोधतात, त्यासाठी पट्ट्यांच्या कोपऱ्यात तासाचा आकडा लिहून ठेवणार, बारावीच्या पुढे परत एकची.

करायचं राहिलंय: फाटलेल्या पट्ट्या नव्याने, या वेळी खुणा झाल्यावर वरून सेलोटेप. स्प्लिट पिनांची आणखी एक पुडी. अंगणातल्या घड्याळाला पावसामुळे खडू टिकत नाही, ऑइलपेंट मागायचाय. आणि सकाळ-रात्र मी यात घेतलंच नाही, ते दिवाळीनंतर.